नवा चार्जर की नवी बॅटरी? फोनमधले आकडे वाचून ठरवा

ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये "फोन दिवसभर टिकत नाही हो" म्हणत मोबाइलच्या दुकानात शिरलं की काउंटरवर बहुतेक वेळा आधी चार्जर येतो. तो खोक्यात तयार असतो, पाच मिनिटांत घेऊन निघता येतं. बॅटरीसाठी फोन उघडावा लागतो, वेळ जातो, डेटाची काळजी वाटते. म्हणून गिऱ्हाईकही चार्जरवर समाधान मानतं आणि आठवडाभरात लक्षात येतं की फोन संध्याकाळी तसाच बंद पडतोय.

हा खर्च टाळता येतो. बॅटरी किती झिजली आहे हे फोनमध्येच बऱ्याचदा लिहिलेलं असतं आणि नसेल तर दोन-तीन रात्रींत घरच्या घरी मोजता येतं. चार्जर ठीक आहे का, हे तपासायला तर अर्धा तास पुरतो.

आधी तक्रार नेमकी कोणती आहे?

"चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे" या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी दडलेली असतात. पहिलं म्हणजे फोन भरायला फार वेळ लागतो. दुसरं म्हणजे भरलेला फोन टिकत नाही. पहिल्यात संशय चार्जर, केबल आणि फोनच्या पोर्टवर जातो. दुसऱ्यात तो बॅटरीवर किंवा वापरावर जातो. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी लहान झाली असेल तर खाली मोठा पंप बसवून पाणी जास्त वेळ पुरत नाही, फक्त टाकी लवकर भरते. चार्जर हा पंप आहे आणि बॅटरी ही टाकी.

यातून एक उपयोगी खूण मिळते. झिजलेली बॅटरी सुरुवातीला पटापट चढते, कारण भरायला जागाच कमी उरलेली असते. वीसचे साठ टक्के बघता बघता होतात, शेवटचे दहा-पंधरा मात्र रेंगाळतात, आणि चार्जर काढला की उतरणही तितक्याच वेगाने सुरू होते. "हल्ली फोन लवकर चार्ज होतो, पण लवकर संपतो" असं कोणी सांगितलं तर चार्जर विकत घेऊ नका. उलट "रात्रभर लावला तरी सकाळी साठच टक्के" असेल तर बॅटरीला हात लावायच्या आधी केबल आणि पोर्ट बघा.

टक्का आणि सायकल यांचा अर्थ

फोनच्या कोपऱ्यात दिसणारा टक्का आणि बॅटरी हेल्थचा टक्का यांचा एकमेकांशी संबंध नाही. कोपऱ्यातला टक्का बॅटरी आत्ता किती भरली आहे ते सांगतो. हेल्थचा टक्का सांगतो की नवी असताना मावणाऱ्या चार्जपैकी आता जास्तीत जास्त किती मावतो. हेल्थ ८० म्हणजे ५००० एमएएचच्या बॅटरीत आता साधारण ४००० मावतात, आणि कोपऱ्यात १०० दिसलं तरी ते या ४००० चंच १०० असतं.

सायकल म्हणजे चार्जरला लावण्याची एक वेळ नव्हे. एकूण १०० टक्के खर्च झाले की एक सायकल मोजली जाते. आज ६० टक्के वापरले, रात्री भरले, उद्या ४० वापरले, तर दोन दिवसांत एक सायकल झाली. ऑफिसमध्ये दुपारी थोडा वेळ चार्जर लावल्याने "सायकल वाया" जात नाही, तो समज सोडून द्या.

किती सायकलींनंतर किती क्षमता उरावी, याचे आकडे कंपन्या देतात. अॅपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० पूर्ण सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली आहे, आणि आयफोन १५ मालिकेत हाच आकडा १००० सायकली आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनसाठी ८०० सायकलींनंतर किमान ८० टक्के असा नियमच आहे. हे सगळे आकडे आदर्श परिस्थितीतले असतात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्याच्या उन्हात बाइकच्या होल्डरवर नकाशा चालू ठेवून चार्ज होणारी बॅटरी तिथपर्यंत पोहोचेलच असं नाही. गरम असताना भरलेली राहणं हे लिथियम बॅटरीला सर्वांत जास्त झिजवतं.

क्षमतेसोबत आणखी एक गोष्ट बिघडते, जी हेल्थच्या टक्क्यात धड दिसत नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. मग कॅमेऱ्याचा फ्लॅश किंवा व्हिडिओ कॉल अशी जास्त करंट मागणारी कामं सुरू झाली की व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि कोपऱ्यात १५-२० टक्के दिसत असताना फोन बंद पडतो. चार्जरला लावल्याबरोबर तो पुन्हा १२ टक्के दाखवत उठतो. हे लक्षण दिसलं की हेल्थ ८४ असो वा ७४, दोष बॅटरीचा धरायचा.

आयफोनमध्ये आकडा कुठे आहे

Settings > Battery > Battery Health असं जा. जुन्या आयओएसमध्ये याच पानाचं नाव Battery Health & Charging आहे. तिथे Maximum Capacity हा टक्का दिसतो. आयफोन १५ आणि त्यानंतरच्या फोनमध्ये त्याच पानावर Cycle Count, बॅटरी बनल्याचा महिना आणि पहिल्या वापराचा महिनाही येतो.

आयफोन १४ किंवा त्याआधीचा असेल तर सायकल थेट दिसत नाही. Settings > Privacy & Security > Analytics & Improvements > Analytics Data इथे जाऊन Analytics- ने सुरू होणारी अलीकडच्या तारखेची फाइल उघडा, सगळा मजकूर नोट्समध्ये चिकटवा आणि त्यात हा शब्द शोधा:

```
last_value_CycleCount
```

त्यापुढचा आकडा म्हणजे सायकली. Share iPhone Analytics चालू नसेल तर ही फाइल तयारच होत नाही. ते चालू करून एक-दोन दिवसांनी बघा.

टक्का वाचताना एवढं लक्षात ठेवा की तो फोनमधल्या चिपचा अंदाज आहे. नवा फोन कित्येक महिने १०० दाखवतो आणि मग काही आठवड्यांत ९६ वर येतो, म्हणजे त्या आठवड्यांत अघटित काही घडलं असं नाही.

अँड्रॉइडमध्ये: कंपनीगणिक वेगळी जागा

पिक्सेल ८ आणि पुढच्या फोनमध्ये Settings > About phone > Battery information इथे बॅटरी बनल्याची तारीख आणि सायकली असतात. वनप्लस, ओप्पो, रिअलमी आणि विवोच्या बऱ्याच नव्या फोनमध्ये Settings > Battery मध्ये Battery health नावाचं पान आहे. सॅमसंगमध्ये Samsung Members अॅपच्या डायग्नॉस्टिक्समध्ये Battery status तपासता येतं, पण तिथे बहुतेक फोनवर टक्का नसून "चांगली" किंवा "कमकुवत" असा शेरा मिळतो. तुमच्या फोनमध्ये नक्की कुठे आहे ते शोधायला सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत battery health टाइप करणं सर्वांत सोपं.

केबलने जोडलेल्या फोनला लॅपटॉपवरून आज्ञा देण्याचं adb हे साधन वापरता येत असेल तर ही आज्ञा देऊन बघा:

```
adb shell dumpsys battery
```

यात `health: 2` अशी ओळ दिसते आणि इथे बरेच जण फसतात. हा टक्का नाही. २ हा "ठीक" या स्थितीचा सांकेतिक क्रमांक आहे, ३ म्हणजे जास्त गरम, ४ म्हणजे निकामी. साठ टक्के उरलेली बॅटरीही इथे २ दाखवते. `temperature: 412` याचा अर्थ ४१.२ अंश सेल्सिअस, तो पुढे चार्जर तपासताना उपयोगी पडेल. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये याच यादीत `mSavedBatteryAsoc` ही ओळ असते, तीच हेल्थचा टक्का. `mSavedBatteryUsage` ला १०० ने भागलं की सायकली मिळतात, म्हणजे 42300 असेल तर ४२३. तिथे -1 दिसलं तर आकडा उपलब्ध नाही असं समजा.

आकडा कुठेच नसेल तर स्वतः मोजा

माझ्या मामेभावाचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळ्या पायऱ्या येतात. तो कळव्याला राहतो, ऐरोलीला नोकरीला जातो. फोन तीन वर्षांचा, ५००० एमएएचचा अँड्रॉइड, हेल्थचं पान नसलेला. सकाळी आठला १०० टक्के घेऊन निघायचा, पाच वाजता २० उरायचे, आणि एकदा १४ टक्क्यांवर फ्लॅश लावून फोटो काढताना फोन बंद पडला. "दादा, १,७०० चा ४५ वॅटचा चार्जर आणलाय, तरी तेच," हे त्याने मला तेव्हा सांगितलं.

त्याच्या फोनवर AccuBattery हे अॅप टाकलं. हे अॅप चार्जिंग चालू असताना बॅटरीत किती एमएएच गेले ते मोजतं. मग गणित सोपं आहे: जेवढे एमएएच गेले त्यांना जेवढे टक्के चढले त्यांनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. मोजमाप नीट यावं म्हणून चार्जिंग २० च्या आसपास सुरू करावं, ९० च्या पुढे न्यावं, मध्ये फोन वापरू नये. पाच-दहा टक्क्यांच्या छोट्या चार्जिंगवरून काढलेला आकडा भरवशाचा नसतो, कारण एका टक्क्याची चूकही त्यात फार मोठी ठरते.

पहिल्या रात्री १८ वरून ९३ वर जाताना २,७९० एमएएच गेले. ७५ टक्क्यांना २,७९०, म्हणजे पूर्ण बॅटरीत ३,७२०. दुसऱ्या रात्री २५ ते ९० मध्ये २,३७९ गेले, त्यावरून ३,६६० येतात. तिसऱ्या रात्री १५ ते ९५ मध्ये ३,०१६, म्हणजे ३,७७०. तिन्ही आकडे जवळपास आहेत, म्हणून सरासरी ३,७१७ धरायला हरकत नाही. ५००० पैकी ३,७१७ म्हणजे ७४ टक्के.

इथे दोन ठिकाणी गडबड होऊ शकते. खोक्यावर बऱ्याचदा दोन क्षमता छापलेल्या असतात, typical आणि rated, आणि rated थोडी कमी असते. एकाने rated वर भागलं आणि दुसऱ्याने typical वर, तर एकाच बॅटरीची हेल्थ दोन-तीन टक्क्यांनी वेगळी येते. तेवढ्या फरकावरून निर्णय फिरवू नका. दुसरी गडबड मोठी आहे. फार वेगाने चार्ज होणाऱ्या, ६५ वॅट किंवा अधिकच्या बऱ्याच फोनमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि अशा फोनमध्ये अॅपला निम्माच करंट दिसतो. वर्षभराच्या चांगल्या फोनची हेल्थ ४५-५० टक्के आली तर बॅटरी मेली असं समजू नका, अॅपमध्ये दोन सेलची सेटिंग आहे, ती आधी चालू करून पुन्हा मोजा.

सायकली दिसत नसतील तर त्यांचाही अंदाज काढता येतो. मामेभाऊ रात्री सुमारे ७० टक्के भरायचा आणि ऑफिसमध्ये पाचनंतर ३०. म्हणजे रोज जवळपास एक सायकल, आणि तीन वर्षांत हजाराच्या आसपास. हजार सायकलींनंतर ७४ टक्के उरणं हे त्या काळातल्या फोनसाठी अगदी अपेक्षित आहे. यात बिघाड नाही, वय आहे. सायकलींचा आकडा याच कारणासाठी उपयोगी असतो. हेल्थ ७४ आणि सायकली फक्त १५० असत्या तर उष्णतेचा किंवा सदोष बॅटरीचा संशय घ्यावा लागला असता, आणि वॉरंटी चालू असेल तर तक्रार करायला तो भक्कम आधार ठरला असता.

आता वापराकडे संशय जातो का, हे बघायचं उरलं. त्यासाठी एका रात्री फोन एअरप्लेन मोडवर ठेवून झोपण्याआधीचा आणि उठल्यावरचा टक्का लिहिला, दुसऱ्या रात्री नेटवर्क चालू ठेवून. एअरप्लेनमध्ये २ टक्के उतरले, नेटवर्कवर ५. दोन्ही ठीक. नेटवर्कवर १५-२० उतरले असते तर एखादं अॅप जागं राहतंय किंवा घरात सिग्नल कमजोर असल्याने फोन सतत टॉवर शोधतोय, असा अर्थ झाला असता. रोज ट्रान्सहार्बर लाइनने जाणाऱ्यांनी किंवा तळमजल्यावर ऑफिस असणाऱ्यांनी ही तपासणी चुकवू नये. कमजोर सिग्नलने उतरणारी बॅटरी बदलली तरी ती तशीच उतरत राहते.

चार्जरची बाजू तपासायला अर्धा तास

फोनचं कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा, स्क्रीन बंद ठेवा. २० टक्क्यांच्या आसपास असताना भिंतीतल्या प्लगवर अर्धा तास चार्ज करा आणि किती टक्के चढले ते लिहा. मग पुन्हा २० वर आल्यावर फक्त केबल बदलून तेच करा. मग फक्त चार्जर बदलून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुणाचा ते कळत नाही. चार्जिंगच्या तक्रारीत दोष बऱ्याचदा केबलचा निघतो, आणि ती चार्जरच्या मानाने स्वस्त असते, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

किती चढायला हवेत? ५००० एमएएचची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची असते. १० वॅटचा जुन्या धाटणीचा चार्जर, गळती धरून, तिला भरायला सुमारे अडीच तास घेतो. म्हणजे अर्ध्या तासात २० टक्क्यांच्या आसपास. १८ वॅटचा चार्जर ३० ते ३५ चढवतो. तुमचा चार्जर १८ वॅटचा आहे आणि अर्ध्या तासात ८ टक्केच चढले, तर वाटेत कुठेतरी अडलंय. फोनही ते सांगतो: अँड्रॉइडच्या लॉक स्क्रीनवर Charging slowly येतं, आणि आयओएस १८ पासून बॅटरीच्या पानावर Slow Charger अशी नोंद दिसते.

मामेभावाच्या जुन्या १८ वॅटच्या चार्जरवर अर्ध्या तासात २० चे ६२ झाले. नव्या ४५ वॅटच्या चार्जरवर ६३. दोन्ही आकडे वरच्या अंदाजाहून जास्त आहेत, कारण बॅटरीच तीन चतुर्थांश उरलीय. आणि दोन्ही चार्जर सारखेच निघाले, कारण त्याचा फोन १८ वॅटपेक्षा जास्त घेतच नाही. किती वॅट घ्यायचे ते फोन ठरवतो, चार्जर फक्त "माझ्याकडे इतके आहेत" असं सांगतो. फोनच्या माहितीपत्रकात कमाल चार्जिंग वेग लिहिलेला असतो, नवा चार्जर घेण्याआधी तो बघा. काही कंपन्यांचं अतिवेगवान चार्जिंग तर त्यांच्याच चार्जर आणि त्यांच्याच केबलवर चालतं. बाहेरचा कितीही मोठा चार्जर लावला तरी ते फोन साध्या वेगावर येतात.

पोर्टची तपासणी स्वतंत्रपणे करा. केबलचं टोक पूर्ण आत बसतं का, हलवल्यावर चार्जिंग तुटतं का? खिशातला कापसासारखा मळ पोर्टच्या तळाशी दाबून बसतो आणि टोक अर्धा मिलिमीटर बाहेर राहतं. नेरूळच्या माझ्या आत्याचा फोन असाच "रात्रभर लावूनही साठ" करत होता. हेल्थ ८८ टक्के होती, म्हणजे बॅटरी बदलण्याचं कारण नव्हतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने मळ काढला, तेवढ्यावर काम झालं. टाचणी किंवा कोणतंही धातूचं टोक आत घालू नका. पावसाळ्यात पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर फोन उभा धरून हलके झटका, वाळू द्या, आणि सूचना गेल्याशिवाय केबल लावू नका. ओल्या पिनांवर वीज गेली की त्या गंजतात आणि मग खरोखरच पोर्ट बदलावा लागतो.

चार्जर सदोष ठरवण्याआधी दोन निरपराध कारणं वगळा. एक, फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सेटिंग चालू असते आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नसतं. दुसरं कारण उष्णता. बॅटरी चाळिशीच्या पुढे गेली की फोन स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो. अॅपल आयफोन वापरायला शून्य ते ३५ अंशांचं हवामान सुचवतं, आणि एप्रिल-मे मध्ये ठाण्याचं दुपारचं तापमान त्याच्या वर जातंच. तेव्हा दुपारी खिडकीत ठेवलेल्या फोनची चाचणी ग्राह्य धरू नका. रात्री पंख्याखाली पुन्हा करा.

मग निर्णय कसा घ्यायचा

अर्ध्या तासाची चाचणी नापास झाली आणि केबल किंवा चार्जर बदलल्यावर पास झाली, तर तेवढाच बदला. हेल्थ ८५ च्या वर असेल आणि चार्जिंगही ठीक असेल, तर पैसे खर्चू नका, वापर आणि सिग्नलकडे बघा. हेल्थ ८० च्या खाली आणि दिवस पुरत नाही, तर बॅटरी. ८० ते ८५ च्या मधल्या पट्ट्यात आकड्यापेक्षा तुमची गरज बघावी: घरून काम करणाऱ्याला ८१ वर्षभर पुरेल, दिवसभर डिलिव्हरीसाठी फिरणाऱ्याला नाही पुरणार.

दोन बाबतींत आकडा बघतच बसू नका. टक्के शिल्लक असताना फोन बंद पडत असेल तर बॅटरी बदला. आणि बॅटरी फुगली असेल, म्हणजे मागचं कव्हर किंवा स्क्रीन एका कडेने उचलली असेल, सपाट टेबलावर फोन डोलत असेल, तर त्याच क्षणी चार्जिंग थांबवा. फोन दाबून बसवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, बंद करून दुकानात न्या.

बॅटरी बदलण्याचा खर्च पटतो का, हेही आकड्यांतूनच काढता येतं. मामेभाऊ सकाळपासून पाचपर्यंत ८० टक्के वापरायचा, ३,७१७ चे ८० टक्के म्हणजे सुमारे २,९७० एमएएच. नव्या बॅटरीत ४,९०० मावतील असं धरलं तर तेवढ्याच वापराला ६० टक्के लागतील आणि पाचला ४० उरतील. ऑफिसमधलं चार्जिंग बंद होईल. सर्व्हिस सेंटरने मजुरीसकट १,९०० सांगितले होते, म्हणजे त्या चार्जरपेक्षा २०० च जास्त. फोनला सुरक्षा अपडेट अजून मिळत होते, त्यामुळे बॅटरी घालणं योग्यच होतं. अपडेट कधीचेच बंद झालेले असते आणि स्क्रीनही फुटलेली असती तर मी त्याला हा खर्च करू दिला नसता.

बॅटरी बदलून घेताना

आधी बॅकअप घ्या. हल्लीच्या फोनमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, मागची काच तापवून उचलावी लागते आणि काच तडकू शकते. तडकली तर जबाबदारी कुणाची, ते फोन उघडायच्या आधी ठरवा. पाणीरोधक फोन एकदा उघडला की नवी सील न लावता पहिल्यासारखा पाणीरोधक राहत नाही, म्हणून नवी सील लावणार का हे विचारा. पावसात लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

बाहेरच्या दुकानात "ओरिजिनलच आहे साहेब" हे ऐकायला मिळेल. त्यावर न बोलता बॅटरीवर छापलेली उत्पादनाची तारीख बघा. दीड-दोन वर्षं कपाटात पडलेली बॅटरी न वापरताही थोडी झिजलेली असते. आयफोन असेल तर Settings > General > About मध्ये Parts and Service History दिसतं, आणि अॅपलची अस्सल बॅटरी नसेल तर तिथे Unknown Part असं येऊ शकतं. जुना आयफोन विकत घेतानाही हेच पान आधी उघडा. काही कारागीर जुन्या बॅटरीवरची छोटी सर्किट पट्टी काढून नव्या सेलला जोडतात किंवा आकडा उपकरणाने बदलतात, त्यामुळे चार वर्षांच्या आयफोनवर १०० टक्के आणि कमी सायकली दिसल्या तर त्या आकड्यावर किंमत वाढवून देऊ नका. सॅमसंगमध्ये उलट घडतं: बॅटरी खरोखर नवी असते, पण सर्व्हिस सेंटरने नोंद नव्याने सुरू केली नाही तर फोन जुनाच टक्का दाखवत राहतो.

म्हणून बदलल्यावरही अॅपने मोजून बघा. मामेभावाच्या नव्या बॅटरीत २० ते ९० मध्ये ३,४४० एमएएच गेले, म्हणजे ४,९१४, सुमारे ९८ टक्के. पहिले काही दिवस कोपऱ्यातला टक्का उड्या मारू शकतो, कारण फोनच्या चिपला नव्या बॅटरीचा अंदाज यायचा असतो. एकदा दहापर्यंत उतरवून न थांबता १०० पर्यंत भरली की ते बहुतेक जागेवर येतं. जुन्या बॅटरीवर मात्र हा उपाय करून गेलेली क्षमता परत येत नाही, फक्त आकडा खरा होतो.

जुनी बॅटरी घरी आणून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. ती दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बिलावर बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची ते लिहून घ्या, आणि ती संपायच्या पंधरा दिवस आधी पुन्हा दोन रात्री मोजा. सहा महिन्यांत आकडा ९० च्या खाली आला असेल, तर बिल आणि अॅपमधल्या आकड्यांचा स्क्रीनशॉट घेऊन त्याच दुकानात जा.